झोपेची गोळी आणि रात्री उघडलेले डबे

समजा, टेंभुर्णीतल्या एका काकूंना झोप येत नाही म्हणून डॉक्टरांनी झोल्पिडेम लिहून दिले. आठवड्याने सकाळी ओट्यावर शेंगदाण्याच्या कुटाचा डबा उघडा, गॅसवर करपलेला तवा, नखांत कणीक. काकूंना काहीच आठवत नाही. घरचे म्हणतात, विसरल्या असतील. कुणी बाहेरच्या बाधेपर्यंत जाते.

खरे कारण गोळीत असू शकते. मेंदूचा काही भाग झोपलेला असतो, हालचालींचा भाग मात्र जागा होतो आणि आठवण साठत नाही. माणूस खातो, स्वयंपाक करतो, गाडीसुद्धा चालवतो. दारू किंवा गुंगी आणणारे दुसरे औषध सोबत असेल तर धोका वाढतो. पण एकट्या, कमी मात्रेच्या पहिल्याच गोळीनेही हे घडलेले आहे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे अशा 66 गंभीर घटना जमल्या, त्यांत 20 मृत्यू होते. त्यावरून 2019 मध्ये झोल्पिडेमसह तीन औषधांवर सर्वांत कडक इशारा छापला गेला. एकेका घरातली घटना किरकोळ वाटते. नोंदी एकत्र आल्या तेव्हाच धोका दिसला.

असा एकही प्रसंग घडला तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना लगेच भेटा. रोज बरेच दिवस घेत असाल तर त्याच दिवशी विचारा, कारण अचानक थांबवल्यानेही त्रास होतो. गोळीचे नाव, मात्रा, वेळ आणि घरच्यांनी पाहिलेले लिहून ठेवा. भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात.