दोन मिनिटांत त्रिताल, आणि त्यातली खाली

त्रिताल १६ मात्रांचा आणि त्याचे खंड चार, प्रत्येकी चार मात्रांचे. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी पडते, नवव्या मात्रेवर खाली येते. पहिली मात्रा म्हणजे सम. एवढा भाग नवशिक्याला लगेच पाठ होतो. यूट्यूबने ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट्सची मर्यादा तीन मिनिटांवर नेल्याने हा ताल एका बैठकीत दाखवायला पुरेशी जागाही मिळाली आहे. तरीही असे व्हिडिओ पाहून ताल धरायला बसलेला माणूस बहुतेकदा एकाच ठिकाणी चुकतो, आणि ते ठिकाण म्हणजे खाली.

खालीला हात वाजत नाही. उजवा तळहात उलटा करून बाजूला नेतात, म्हणजे कान त्या मात्रेला आधार देत नाही, फक्त डोळा देतो. म्हणून कॅमेऱ्याच्या चौकटीत दोन्ही हात कोपरापर्यंत दिसायला हवेत. केवळ चेहरा आणि टाळ्यांचा आवाज असलेल्या व्हिडिओत नववी मात्रा जवळजवळ नाहीशी होते. मधल्या मात्रा अंगठ्याने बोटांवर मोजायच्या, तोंडाने मात्र १ ते १६ असे सलग अंक म्हणायचे. दर खंडाला पुन्हा ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणणे सोपे वाटते, पण त्यात आपण कितव्या खंडात आहोत हेच हरवते. पडद्यावर भातखंडे पद्धतीच्या खुणा दिल्या तर उत्तम: समेला ×, खालीला ०, उरलेल्या दोन टाळ्यांना २ आणि ३.

आकड्यांनंतर ठेका येतो:

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा
धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

खरी गुंतागुंत इथे आहे, आणि शिक्षकाने ती उघड सांगायला हवी. धा आणि धिं या बोलांत डग्गा घुमतो, तिं आणि ता यांत तो गप्प असतो. खाली नवव्या मात्रेवर असली तरी त्या मात्रेचा बोल ‘धा’च आहे. डग्गा थांबतो दहाव्या मात्रेपासून आणि परततो चौदाव्यावर. म्हणजे तेराव्या मात्रेला हात टाळी देतो, तेव्हा तबल्यावर मात्र बंद ‘ता’ वाजत असतो. हात आणि कान यांच्यात एका मात्रेचे हे अंतर राहते. ते न सांगितल्यास नवशिका घुमारा थांबला तिथे, म्हणजे दहाव्या मात्रेवर, खाली दाखवू लागतो. सांगितले की तोच डग्गा त्याचा वाटाड्या होतो: घुमारा परतला की समेला तीन मात्रा उरल्या.

वेळेचा हिशेब सरळ आहे. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत एक आवर्तन १६ सेकंदांचे होते. अंक आणि टाळ्यांची दोन आवर्तने म्हणजे ३२ सेकंद, त्यानंतर एक संथ आवर्तन, मग मूळ लयीत बोलांचे एक. संथ आवर्तनासाठी ४० मात्रांची लय पुरते, तेव्हा २४ सेकंद लागतात. याहून खाली उतरू नये. ३० मात्रांच्या लयीत दोन मात्रांमध्ये दोन सेकंदांची पोकळी पडते, ती नवशिक्याला पेलत नाही आणि लय धावू लागते. तयार व्हिडिओचा वेग अर्धा केला की नेमके हेच होते, शिवाय टाळीचा आवाज पसरट होऊन मात्रेची कड बोथट होते. संथ आवर्तन वेगळे म्हणून चित्रित करणेच योग्य.

शेवटी १६ सेकंदांचे एक मुके आवर्तन ठेवावे. आवाज पूर्ण बंद, पडद्यावर हातही नाहीत, आणि समेवर एक ठळक टाळी. सगळे मिळून ८८ सेकंद होतात, सुरुवातीच्या ओळखीला अर्धे मिनिट उरते. ही समेची टाळी कापू नये. सोळाव्या मात्रेवर व्हिडिओ थांबवला तर शिकणाऱ्याच्या मनात ताल ‘संपतो’, फिरत नाही.

मुक्या आवर्तनात शिकणाऱ्याची टाळी समेच्या आधी पडली तर घाई झाली, नंतर पडली तर रेंगाळणे. घाई कुठे झाली हे व्हिडिओ सांगू शकत नाही. त्यासाठी शिकणाऱ्याने मुक्या आवर्तनात आपलेच हात आणि मोजणी मोबाइलवर टिपून घ्यावी, आणि पाचवी ते नववी हे अंतर नववी ते तेरावीशी ताडून पाहावे. दुसरे अंतर कमी भरले तर आवाज नसलेली खाली त्याने अर्धवट सोडली आहे. अशा वेळी तिसऱ्या खंडापुरता उलटा तळहात मांडीवर हलकेच टेकवावा, म्हणजे नवव्या मात्रेला स्पर्शाचा आधार मिळतो. अंतर जुळू लागले की हात पुन्हा हवेत न्यावा.