ऑफिसचे मोजे : कापूस, लोकर आणि वीस टक्के नायलॉन

ऑफिसात घालायचे मोजे घेताना आपण रंग पाहतो, कापड बोटांनी चाचपतो आणि दुकानदाराला विचारतो, “प्युअर कॉटन आहेत ना?” तो “हो” म्हणतो. घरी येऊन लेबल वाचावे, तर त्यावर लिहिलेले असते : कापूस ७८ टक्के, नायलॉन २० टक्के, इलॅस्टेन २ टक्के. आपल्याला वाटते, फसवणूक झाली, दुधात पाणी घालावे तशी भेसळ केली. ही भेसळ आहे का, याचे उत्तर मोज्यातच शोधता येते. फार तर एक जुना मोजा उसवावा लागेल.

आधी घामाचे पाहू. ऑफिसातला पाय आठ-दहा तास चामड्याच्या बंद बुटात असतो. घाम येतच राहतो आणि त्याला बाहेर जायला वाट फार थोडी असते. म्हणून मोज्याच्या तंतूने पाणी स्वतःत सामावून घ्यावे लागते. खोलीतल्या साधारण दमट हवेत (सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के) १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ८ ग्रॅम पाणी धरून ठेवतो, लोकर सुमारे १६ ग्रॅम, नायलॉन सुमारे ४ ग्रॅम आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. लोकर यात पहिली येते, हे वाचून नवल वाटेल. आपल्याकडे लोकरीचा मोजा म्हणजे थंडीतला जाडजूड मोजा. पण मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचे पातळ मोजे बुटात सहज मावतात आणि बराच घाम पिऊनही ओले लागत नाहीत. कापूस मात्र एकदा भिजला की ओलाच राहतो आणि पायाला चिकटतो.

मग सगळ्यांनी लोकरच का घेऊ नये? एक तर ती महाग. दुसरे म्हणजे, ओली झाली की लोकरीची ताकद कमी होते. कापसाची उलट थोडी वाढते. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाण्यात चोळून धुतली की हे खवले एकमेकांत अडकतात आणि मोजा आटून लहान मुलाच्या मापाचा होतो. (आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली लोकर मिळते, पण ती केली आहे का हे लेबलावर पाहावे लागते.) शिवाय कपाटात कसर लागते ती लोकरीलाच. रोज वापरायचा, घरच्या इतर कपड्यांबरोबर धुवायचा मोजा म्हणून आम्ही कापसाकडेच वळू. लोकर हवीच असेल, तर तीही नायलॉन मिसळलेली घ्यावी. नायलॉनच का, ते आता पाहू.

मोजा फाटतो कुठे? बहुतेक वेळा टाचेला किंवा अंगठ्याशी. जुन्या मोज्याची टाच उजेडासमोर धरा. भोक पडण्याआधी तिथे झिरझिरीत जाळी झालेली दिसते. ही जाळी कशाची? तिचा एक धागा चिमट्यात धरून मेणबत्तीजवळ न्या. (हे शिक्षकांनीच करावे, वितळलेला थेंब कातडीला चिकटून भाजतो.) धागा ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. हे नायलॉन. आता न झिजलेल्या भागातले सूत जाळा. ते कागदासारखे जळते, वासही जळक्या कागदाचा येतो आणि हलकी राख उरते. हा कापूस. म्हणजे टाचेतला कापूस झिजून गेला आणि नायलॉन मागे राहिले. ते नसते, तर जाळीच्या जागी केव्हाच भोक पडले असते.

असे होण्याचे कारण तंतूंच्या लांबीत आहे. कापसाचा तंतू साधारण अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो. असे हजारो आखूड तंतू पिळून सूत होते आणि त्यांना एकत्र धरते ते केवळ पीळ आणि घर्षण. पावलागणिक टाच बुटावर घासते. तंतूंची टोके बाहेर ओढली जातात, त्यांचे गोळे होतात, गोळे गळून पडतात आणि सूत बारीक होत जाते. नायलॉनचा तंतू मात्र अखंड, मैलोगणती लांब असतो. त्याला ओढून काढण्याजोगी टोके नसतात, आणि ताणला तरी तो पूर्ववत होतो. लेबलावर ‘कोम्ब्ड कॉटन’ असेल, तर विंचरून आखूड तंतू काढून टाकलेले असतात. असा कापूस गोळे कमी धरतो, पण टाचेला नायलॉन तरीही लागतेच.

राहिले दोन टक्के इलॅस्टेन. मोज्यांचा जोड ४५ ग्रॅमचा धरला, तर त्यात इलॅस्टेन जेमतेम एक ग्रॅम. पण हा तंतू मूळ लांबीच्या पाचपटीहून अधिक ताणला जातो आणि परत येतो, म्हणून एवढे पुरते. मोजा घसरण्याचा दोष मात्र आपण उगाच सगळाच त्याच्यावर टाकतो. वर रुंद आणि खाली निमुळता असा स्टीलचा पेला घ्या, बाहेरून साबणाचे पाणी लावा आणि रुंद भागावर रबरबँड चढवा. तो आपोआप खाली सरकेल. ताणलेल्या रबराला आखूड व्हायचे असते, आणि खाली घेर कमी आहे. आपला पायही घोट्यापासून पोटरीपर्यंत असाच रुंदावत जातो. पोटरीच्या खाली संपणारा मोजा या उतारावर केवळ घर्षणाने टिकून राहतो. पोटरीचा सर्वांत रुंद भाग ओलांडून गुडघ्याखाली पोचणारा मोजा सहसा घसरत नाही, कारण त्याचा काठ उताराच्या पलीकडे गेलेला असतो.

मग पट्टी अधिक घट्ट घ्यावी का? तसे केले तर संध्याकाळी पायावर वळ उठतो. तोच ताण एक सेंटिमीटरऐवजी चार सेंटिमीटर रुंदीवर वाटला, तर दाब चौथाई होतो आणि एकूण पकड तेवढीच राहते. म्हणून बारीक, करकचणाऱ्या पट्टीपेक्षा रुंद रिबचा काठ चांगला. मधुमेह असणाऱ्यांनी किंवा पाय सुजणाऱ्यांनी तर घट्ट पट्टी टाळावीच.

दुकानात पट्टी अशी तपासा. समजा, जिथे काठ बसणार तिथला तुमच्या पायाचा घेर ३२ सेंटिमीटर आहे. म्हणजे काठ सपाट धरून १६ सेंटिमीटरपर्यंत ताणला जायला हवा. न ताणता तो ८ ते ९ सेंटिमीटर असेल, तर पायावर जवळपास दुप्पट ताणला जाईल, हे ठीक. १२ असेल तर मोजा आठवडाभरात गोळा होऊन घोट्यावर बसेल. ताणून सोडल्यावर काठ पहिल्या मापावर लगेच आला पाहिजे. पावलाचे मापही पाहा. पाऊल आखूड असले, की प्रत्येक पावलाला टाच वरचे कापड खाली ओढते आणि बोलणी इलॅस्टिकला बसतात.

इलॅस्टेनला क्लोरीनचे ब्लीच आणि जास्त उष्णता सोसत नाही. तेव्हा मोजे ब्लीचमध्ये भिजवू नयेत आणि पावसाळ्यात वाळेनात म्हणून त्यांवर इस्त्रीही फिरवू नये. उलटे करून धुवावेत, म्हणजे आतला घाम निघतो आणि बाहेरच्या बाजूवर गोळे कमी येतात. घेताना एकाच रंगाचे, एकाच विणीचे तीन-चार जोड एकदम घ्यावेत. भोक पडते ते बहुधा एकाच मोज्याला, आणि उरलेल्या दोन एकट्यांचा मग एक जोड जमतो.