एका दिवसाचे पंख, शतकाचे कवच

मेफ्लाय हा कीटक एक दिवस जगतो, असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. त्याची अळी नदी-ओढ्याच्या तळाशी दगडांवरचे शेवाळ खात अनेकदा वर्षभर वाढते. एक दिवसाचे असते ते पंख फुटल्यानंतरचे आयुष्य. या प्रौढ कीटकाला खाण्याजोगे तोंडच नसते आणि आतड्यात अन्नाऐवजी हवा भरलेली असते. अळीपणी साठवलेल्या शक्तीवर तो थव्यात उडतो, जोडीदार शोधतो. मादी पाण्यात शेकडो, कधी हजारो अंडी सोडते आणि मरते.

सेंट हेलेना बेटावरचे जोनाथन हे कासव याच्या अगदी उलट. १८८२ साली ते तिथे आणले तेव्हाच पूर्ण वाढलेले होते. म्हणून त्याचा जन्म १८३२च्या सुमाराचा मानतात.

हा फरक का पडला?

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एक उत्तर मांडले. जिथे पक्षी, मासे किंवा वादळ लवकरच घास घेणार असते, तिथे टिकाऊ शरीराचा उपयोग होण्याआधीच जीव संपतो. उतारवयात घात करणारे दोष मग निसर्गनिवडीच्या चाळणीतून निसटतात. मेफ्लायने सगळी पुंजी एका संध्याकाळी लावणेच फायद्याचे ठरते.

मोठ्या कासवाला मात्र कवचामुळे शत्रू थोडे. पिल्ले पुष्कळ मरतात, पण वाचलेले कासव वीसेक वर्षांनी वयात येते आणि पुढे अनेक दशके थोडी थोडी अंडी घालते. त्यामुळे पेशींची डागडुजी करत राहणारे शरीर पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले.