भिंतीला लोणा का लागतो?

सेवाग्राम आश्रमात आलेले पाहुणे बापूकुटीच्या मातीच्या भिंती कुतूहलाने निरखतात. आश्रमाच्या फाटकाबाहेर पडून गावात शिरले, की विटा-सिमेंटची घरे सुरू होतात. यातल्या अनेक घरांत पावसाळा सरला आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागले, की भिंतीच्या खालच्या भागात पांढरी, भुरभुरीत पावडर फुलते. रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि केरसुणी फिरवली की पांढरा चुरा हाती येतो. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. दिवाळीच्या तोंडावर तो खरवडून वर नवा रंग दिला जातो आणि पुढच्या वर्षी लोणा पुन्हा हजर होतो. असे का होते?

लोणा म्हणजे क्षार. विटेच्या मातीत, सिमेंटमध्ये, वाळूत, बांधकामावर मारलेल्या पाण्यात आणि घराखालच्या जमिनीत सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचे क्षार थोड्याफार प्रमाणात असतातच. गोठा, मोरी किंवा शोषखड्डा भिंतीला लागून असेल तर त्यात नायट्रेटची भर पडते. भिंत कोरडी असेल तोवर हे क्षार जागच्या जागी पडून राहतात. पाणी आले की ते त्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर प्रवासाला निघतात.

वीट आणि गिलावा यांत केसाहून बारीक छिद्रे असतात. दिव्याच्या वातीतून तेल चढते तसे या छिद्रांतून जमिनीतले पाणी वर चढते. जमिनीची ओल बहुधा तीन-साडेतीन फुटांपर्यंत जाते. वर्धा जिल्ह्यातली काळी माती पाणी धरून ठेवणारी आहे. पाऊस थांबला तरी पायालगतची माती ओलीच राहते आणि भिंत ते पाणी पीत राहते. वरून ऑक्टोबरचे ऊन लागले की भिंतीतले पाणी वाफ होऊन उडून जाते. क्षारांना मात्र उडता येत नाही. ते तिथेच स्फटिक होऊन उरतात. म्हणून लोणा भर पावसात कमी आणि पावसाळ्यानंतर जास्त दिसतो.

पाणी भिंतीच्या अगदी पृष्ठभागावरून उडाले तर स्फटिक बाहेर फुलतात. ते दिसायला वाईट असतात, पण भिंतीला त्यांचा त्रास कमी. तोच पृष्ठभाग ऑइलपेंटने किंवा ‘वॉटरप्रूफ’ लेपाने बंद केला, की स्फटिक रंगाच्या आड, गिलाव्याच्या छिद्रांत वाढू लागतात. सोडियम सल्फेटचेच पाहा. हा क्षार कोरडा असताना छोटी जागा व्यापतो, पण ओल मिळाली की त्याच्या प्रत्येक रेणूभोवती पाण्याचे दहा रेणू येऊन बसतात आणि त्याचे आकारमान तिपटीहून अधिक होते. छिद्रात एवढी जागा नसते. दरवर्षी ओले-सुके होता होता हा दाब गिलावा आतून फोडतो. लोणा झाकणे त्याला बाहेर येऊ देण्यापेक्षा महाग पडते, ते यामुळे.

सेवाग्रामलगतच्या आमच्या एका नातेवाइकांच्या घरी नेमके हेच झाले. घर तीस वर्षांचे, नऊ इंची विटांच्या भिंतींचे. मागच्या खोलीत आजीची खाट बाहेरच्या भिंतीला लागून. पहिल्या वर्षी लोणा अडीच फुटांपर्यंत आला. खरवडून पुट्टी आणि रंग दिला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, म्हणून वॉटरप्रूफ लेप दिला. तिसऱ्या वर्षी लेपाच्या वर, साडेतीन फुटांवर, नवी पांढरी रेघ उमटली. खाली वाट बंद झालेले पाणी वर चढून बाहेर पडले होते. खाटेमागे काळपट बुरशीही धरली आणि दम्याचा त्रास असलेल्या आजींचा खोकला रात्री वाढू लागला.

लोणा स्वतः छातीचा आजार देत नाही. पण ज्या ओलीने तो येतो तीच ओल बुरशी पोसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. अशा घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी आणि दमा बळावण्याचा धोका अधिक असतो, असे त्यांत नोंदवले आहे. तेव्हा आधी खाट भिंतीपासून हलवायची, आणि मग पांढरा डाग नेमका काय आहे ते पाहायचे. चिमूटभर पावडर पाण्यात टाका. विरघळली तर क्षार. बोटाने चोळल्यावर चिकटून पसरली, कुबट वास आला आणि पाण्यात विरघळली नाही तर बुरशी. पावडर पाण्यात विरघळत नाही, पण बशीत काढून लिंबाचा रस टाकल्यावर बुडबुडे येतात, तर तो चुन्याचा थर. ही लिंबाची परीक्षा थेट भिंतीवर करू नका. गिलाव्यातही चुना असतो, त्यामुळे तिथे बुडबुडे येणारच.

यानंतरचा खरा प्रश्न असतो पाणी कुठून येते हा. डाग जमिनीपासून वर सलग पट्ट्यात असेल तर ओल जमिनीची. एकाच जागी, भिंतीच्या मध्यावर असेल तर आतला नळ किंवा पलीकडची मोरी पाहावी. छताजवळ असेल तर गच्ची किंवा पन्हाळ. शंका असल्यास फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन-तीन दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येते आहे, खोलीकडील बाजूला जमले तर ते हवेतले दव आहे. नवे घर असेल तर एक-दोन हंगाम थांबून पाहावे. बांधकामातले पाणी सुकताना येणारा लोणा बहुधा आपोआप कमी होत जातो.

आमच्या नातेवाइकांकडे कारण घराबाहेर सापडले. जुन्या घरांच्या जोत्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर असतो, तो आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान सहा इंच उंच असावा लागतो. इथेही थर होता. पण दहा वर्षांत गल्लीत आधी मुरूम, मग काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक पडत गेले आणि रस्ता त्या थराच्या वर आला. पाण्याला थर ओलांडावाच लागत नव्हता. ते वरूनच भिंतीत शिरत होते.

दुरुस्ती मार्चमध्ये सुरू केली. भिंतीलगतचा फूटभर रुंद पट्टा जोत्याच्या थराखालपर्यंत खणला, त्यात गिट्टी भरली आणि पाणी नालीकडे जाईल असा उतार दिला. आतून लोण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत सगळा गिलावा काढला आणि विटांच्या सांध्यांतला चुरा अर्धा इंच खोल खरवडला. मग भिंत तशीच उघडी ठेवली. ओली भिंत सुकायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना लागतो असा ढोबळ हिशेब आहे. वर्ध्याच्या उन्हाळ्याची मदत झाली तरी घाई करायची नाही, हे घरच्यांना पटवणे गवंड्याला सर्वांत अवघड गेले.

या काळात विटांवर येणारा लोणा दर आठवड्याला झाडला. तो झाडण्याची रीत महत्त्वाची आहे. कोरड्या दिवशी, नाकाला रुमाल किंवा मास्क बांधून, नारळाच्या काथ्याच्या किंवा प्लास्टिकच्या कोरड्या ब्रशने झाडावे. तारेचा ब्रश वीट ओरबाडतो. खाली वर्तमानपत्र अंथरावे आणि चुरा उचलून घरापासून दूर टाकावा. भिंतीच्या पायाशी पडू दिला तर तो पुन्हा पाण्यात विरघळून वर चढतो. भिंत पाण्याने धुऊ नये. धुताना क्षार विरघळून आत जातात आणि सुकल्यावर परत येतात. फरशी धुण्याचे ॲसिड तर वापरूच नये, कारण त्यातून भिंतीला नवे क्लोराइड मिळतात आणि त्याची वाफ छातीला घातक असते.

हट्टी डागांवर मुलतानी मातीचा लेप चालतो. गोड्या पाण्यात कालवून अर्धा इंच जाड थापावा आणि पूर्ण सुकू द्यावा. सुकताना पाणी लेपातून उडते आणि क्षार लेपात येऊन बसतात. मग तो सोलून फेकून द्यावा. पण जमिनीचे पाणी चालूच असेल तर कितीही लेप लावले तरी लोणा संपत नाही.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात भिंतीवर सिमेंटऐवजी एक भाग भिजवलेला चुना आणि तीन भाग वाळू यांचा गिलावा केला, वर चुन्याचीच सफेदी. चुन्याच्या गिलाव्यातून वाफ सहज बाहेर पडते. चुना हाताळताना मात्र डोळे आणि हात जपावे लागतात. त्यानंतरच्या ऑक्टोबरमध्येही थोडा लोणा आला, कारण भिंतीत आधीच साठलेले क्षार एका वर्षात जात नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी तो हातभर पट्ट्यापुरता उरला. बुरशी परतली नाही आणि खाट भिंतीपासून वीतभर दूरच ठेवली आहे.

नवे घर बांधणाऱ्यांनी विटा आधीच तपासाव्यात. भारतीय मानकातल्या चाचणीचे सोपे रूप घरी करता येते. उथळ ताटात इंचभर पावसाचे किंवा शुद्ध पाणी घेऊन त्यात वीट उभी ठेवावी. पाणी शोषून आणि उडून गेले की तेवढेच पाणी पुन्हा घालावे आणि तेही सुकू द्यावे. पांढरा थर विटेच्या दहाव्या भागापर्यंत असेल तर तो अल्प, निम्म्यापर्यंत असेल तर मध्यम. निम्म्याहून अधिक असेल किंवा विटेची पावडर सुटत असेल तर त्या विटा परत कराव्यात. चवीला खारट लागणारे बोअरचे पाणी बांधकामावर मारू नये आणि पावसाळ्यात अर्धवट भिंतींचे माथे झाकून ठेवावेत.

आता पुन्हा आश्रमाकडे. गांधीजी १९३६ मध्ये या गावी, तेव्हाच्या शेगावला, राहायला आले. पुढे बापूकुटी म्हणून ओळखली जाणारी झोपडी आधी मीराबेनची होती. माती-बांबूच्या भिंती, कवेलूंचे पुढे आलेले छप्पर, भोवती पडवी. अशा घरात पाऊस भिंतीपर्यंत फारसा पोहोचतच नाही. जी ओल चढते ती माती-शेणाच्या सारवणातून उडून जाते आणि क्षारही त्याच थरात अडकतात. थर खराब झाला की पोपडा काढून पुन्हा सारवायचे, आतली भिंत शाबूत राहते. चुन्याचा गिलावा विटेच्या घरात हेच काम करतो. तो स्वतः झिजतो आणि भिंत वाचवतो. म्हणून यंदा लोणा दिसला तर रंगाचा डबा आणण्याआधी घराबाहेर जाऊन भिंतीचा पाया पाहा. तिथे रस्ता जोत्याच्या वर आला आहे का, पन्हाळ भिंतीशी गळते आहे का, मोरीचे पाणी साचते आहे का, ते आधी तपासा.