लाइव्ह जाण्याआधी अपलोड मोजा

गावच्या सभागृहातलं व्याख्यान यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं आहे. नवीन चॅनेलवर लाइव्हची सोय सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून ते काम आदल्या दिवशीच उरका. मग यूट्यूब स्टुडिओतली स्ट्रीम की कॉपी करून ओबीएसच्या Settings > Stream मध्ये चिकटवायची. ही की पासवर्डसारखीच जपायची. ती कुणाच्या हाती लागली, तर तो तुमच्या चॅनेलवर स्वतःचं काहीही दाखवू शकतो. स्क्रीनशॉटमध्ये चुकून गेलीच, तर लगेच रीसेट करा आणि नवी की ओबीएसमध्ये टाका.

खरी गोची अपलोडची. नेटवाला १०० एमबीपीएस सांगतो तो बहुतेकदा डाउनलोडचा आकडा असतो. त्यामुळे त्याच सभागृहात, कार्यक्रमाच्याच वेळी, वायर लावून तीन-चारदा स्पीड टेस्ट करा आणि सर्वांत कमी अपलोड धरा. समजा, तो ४ एमबीपीएस आला. ७२०p चित्रासाठी ओबीएसमध्ये व्हिडिओ बिटरेट २५०० केबीपीएस ठेवला आणि आवाजाचे १२८ धरले, तर साधारण २.६ एमबीपीएस लागतात. उरलेली जागा चढउतारासाठी. ४००० ठेवायचा मोह टाळा.

प्रक्षेपण सुरू झाल्यावर ओबीएसच्या Stats खिडकीवर नजर ठेवा. नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेम वाढत असतील तर बिटरेट उतरवा. एन्कोडिंगमुळे सुटत असतील, तर दोष नेटचा नाही, संगणकाचा आहे.