जीडीनंतरचा मेल: गुण वाढत नाहीत, नोंद सुधारते

चोपड्याची पोरं जळगावला पूल कॅम्पसला जातात, म्हणजे अनेक कॉलेजांची मुलं एकाच ठिकाणी एकाच कंपनीपुढे. जीडी, म्हणजे ग्रुप डिस्कशन, आटोपून परतीच्या एसटीत बसली की मोबाइलवर सल्ला येतो: "पॅनलला थँक्यूचा मेल टाकून दे, इम्प्रेशन पडतं." सल्ला देणारा बहुधा पुण्यात नोकरीला लागलेला मावसभाऊ असतो आणि त्याचा अनुभव असतो समोरासमोरच्या मुलाखतीचा. जीडीचं काम वेगळ्या रीतीनं चालतं.

एका बॅचला साधारण आठ-दहा जण, वेळ दहा-पंधरा मिनिटं. प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असतो. पॅनलवरची दोन-तीन माणसं चर्चा चालू असतानाच तक्त्यात गुण टाकत जातात: मुद्द्यात दम किती, मांडणी कशी, दुसऱ्याचं ऐकतो का, गप्प बसलेल्याला बोलायला वाव देतो का. बॅच उठली की तक्ता समन्वयकाकडे जातो आणि पुष्कळदा यादी त्याच दिवशी लागते. त्यामुळे रात्री पाठवलेला गोड मेल गुणांपर्यंत पोचतच नाही. तो पाठवल्यानं बिघडतही काही नाही, दोन ओळींत आभार मानले तर बरंच वाटतं. पण दिवसभरात डझनभर बॅच पाहिलेल्या माणसाला तुमचं नाव आठवत नसतं. त्याच्या लेखी तुम्ही 'तिसऱ्या बॅचमधला ७ नंबर' असता.

मग मेल कामाचा कधी? नोंदीत चूक असेल तेव्हा. समजा, हजेरीच्या कागदावर घाईघाईत मोबाइल नंबरचा एक आकडा चुकला. यादीत नाव आलं तरी मुलाखतीचा फोन भलत्यालाच जाणार. इथं मेल त्याच संध्याकाळी जायला हवा आणि विषयाची ओळ वाचूनच काम कळायला हवं:

```
GD Batch 3, No. 7: Correction in mobile number
```

खाली पूर्ण नाव, कॉलेज, शाखा, जीडीची तारीख, कागदावर पडलेला चुकीचा नंबर, बरोबर नंबर आणि "कृपया नोंद दुरुस्त करावी" एवढी विनंती. पाच-सहा ओळींत संपतं. 'आपण व आपले कुटुंबीय कुशल असाल' छापाचं इंग्रजी प्रास्ताविक घातलं, तर मोबाइलवर मेल उघडणाऱ्याला पहिल्या नजरेत कुशलच दिसतं, नंबर दिसत नाही. भारी इंग्रजीनं छाप पडते हा आपल्याकडचा जुना समज. मेलमध्ये तरी तो उलटाच पडतो.

चर्चेत चुकीचं बोललो, ते मेलनं सुधारता येईल, असंही अनेकांना वाटतं. विषय केळीवरच्या प्रक्रिया उद्योगाचा निघाला आणि तुम्ही ठासून सांगितलंत की जळगावच्या केळीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळालं २०१६ साली. पॅनलनं त्या क्षणी जे ऐकलं त्यावर गुण दिले. दुरुस्तीचा मेल आला म्हणून तक्ता पुन्हा उघडत नाहीत. ती दुरुस्ती मुलाखतीत विषय निघाला तर स्वतःहून सांगा, तिथं तिचं मोल आहे. "त्या शेजारच्यानं मला बोलूच दिलं नाही" अशी तक्रार मात्र लिहूच नका. कोण कुणाला तोडतो हे पॅनल पाहतच असतं, आणि तक्रारीचा मेल तेवढा नेमका लक्षात राहतो.

पाठवायचा कुणाला, यातही गफलत होते. लिंक्डइनवर पॅनलमधल्या मॅडमना शोधून थेट मेसेज टाकणं म्हणजे धडाडी, असं मुलं समजतात. कॅम्पसमध्ये कंपनीचा व्यवहार कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याशी, आपल्या टीपीओ सरांशी, असतो. कंपनीनं मेलचा पत्ता दिला असेल तर त्यावर पाठवा आणि सरांना सीसीत ठेवा. दिला नसेल तर सरांनाच लिहा, ते पुढे पाठवतील. शिवाय टीपीओंचा मूळ मेल बहुतेक वेळा सगळ्या मुलांना एकत्र आलेला असतो. त्याला `Reply all` केलंत, की तुमचा नंबर आणि तुमची चूक साठ जणांच्या इनबॉक्समध्ये. जीमेलच्या सेटिंगमध्ये `Undo Send` असतं. मेल मागे घ्यायला ते मुळात ५ सेकंद देतं, तो वेळ ३० सेकंदांपर्यंत वाढवता येतो. तो आधीच वाढवून ठेवा.

उत्तर आलं नाही म्हणजे कटलो, असंही नाही. दुरुस्ती होऊन जाते आणि पोच कुणी देत नाही, असं सर्रास घडतं. पॅनलला रोज आठवण करून देण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी टीपीओ सरांना एकच विचारा: "सर, यादीत माझा नंबर बदलला का?" आणि मेलचं स्पॅम फोल्डर पाहा. मुलाखतीची वेळ कधी कधी तिथंच जाऊन पडलेली असते.