पत्रिकेचा खरा भाव

लग्नपत्रिकेच्या दुकानात कोऱ्या नमुन्यामागे 12 रुपये लिहिलेले असतात. त्यात बहुधा पाकीट धरलेलं असतं, छपाई नसते. समजा, मुख्य पत्रिका, आतलं कार्यक्रमाचं पान आणि पाकीट या तिन्हींची स्क्रीन छपाई करायची आहे. प्रत्येकाची स्क्रीन वेगळी. प्रत्येकी 500 रुपये धरले, तर 1,500 रुपये ठोक. 200 पत्रिकांत हा खर्च नगामागे साडेसात रुपये पडतो, 500 पत्रिकांत फक्त तीन. म्हणजे शाई-मजुरी सोडून एक पत्रिका 19.50 किंवा 15 रुपयांना.

पाकिटावरची नावं गाळली की एक स्क्रीन वाचते. माझ्या मते पहिली काटछाट तिथेच करावी.

कागदाची मेख वेगळीच. गडद मरून कागदावर ऑफसेटची पारदर्शक शाई उठत नाही. तिथे स्क्रीनची जाड शाई किंवा सोनेरी फॉइल लागते. गुळगुळीत, चमकदार कागदावर शाई उशिरा वाळते. घाईने गठ्ठा बांधला तर मागच्या बाजूला डाग उमटतात.

पन्नास पत्रिका नंतर कमी पडल्या आणि स्क्रीन पुसलेल्या असल्या, तर त्यांचे 2,100 रुपये होतात. आधीच जास्त घेतल्या असत्या, तर 600.